रजेचा अर्ज वरच्या साहेबांकडे जातो तेव्हा

गेल्या महिन्यात टिळकवाडीत एका बारशाला गेलो होतो. जेवणं आटोपली आणि भाच्याने फोन माझ्यापुढे धरला. तो इथल्याच एका मशिनिंग कारखान्यात क्वालिटी इंजिनीअर आहे. आषाढी वारीत चालायचं म्हणून त्याने दोन आठवड्यांची रजा मागितली होती. टीम लीडच्या हातात तीन दिवसांपर्यंतची मंजुरी, त्यावरची रजा प्लांट हेडकडे. हे साहेब चेन्नईचे, बेळगावात येऊन त्यांना जेमतेम वर्ष झालेलं. भाच्याने पाठवलेल्या मेलला सात दिवस उत्तर नव्हतं. मेल इंग्रजीत होता: ‘रिस्पेक्टेड सर’, मग ‘विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हम्बल सबमिशन’, मग ‘आय बेग टू स्टेट’, मग वारकरी घराण्याची परंपरा, आजोबांची इच्छा, साहेबांच्या कृपेचा उल्लेख. तारखा दहाव्या ओळीत होत्या. फोन हातोहात फिरला आणि पाच मिनिटांत दोन तट पडले. वडीलधारे म्हणाले, पोराने बरोबर लिहिलंय, एवढ्या मोठ्या माणसाला असंच लिहायचं असतं. तरुण म्हणाले, रजा हक्काची आहे, तारखा कळवायच्या आणि निघायचं, भीक कसली मागता? तासभर हा वाद चालला, आणि त्या मेलला उत्तर का आलं नाही हे मात्र कोणीच विचारलं नाही.

मी सव्वीस वर्षं कारखान्यांच्या टाइम ऑफिसात आणि पर्सोनेल खात्यात काढली आहेत. रजेचे अर्ज किती हाताळले याची गणती नाही. माझं म्हणणं सरळ आहे. औपचारिकता किती ठेवायची हे समोरची खुर्ची किती उंच आहे यावर ठरत नाही; समोरचा माणूस तुमच्या रोजच्या कामापासून किती लांब आहे यावर ठरतं. टीम लीडला तुम्ही कोण, तुमच्या हातात सध्या काय आहे, तुमच्या मागे कोण सांभाळेल हे सगळं ठाऊक असतं. म्हणून त्याला ‘दादा, सोमवारपासून दोन दिवस नाही’ एवढं पुरतं. प्लांट हेडला यातलं काहीच माहीत नसतं. त्यांच्याकडे जाणारा अर्ज औपचारिक करायचा म्हणजे हा न माहीत असलेला भाग त्यांना न विचारता पुरवायचा. मायना एक पायरी वर चढवावा, तो तिथेच थांबवावा, आणि उरलेली सगळी मेहनत मजकुरावर घ्यावी. दोन्ही तट मायन्यावर भांडत होते. मजकुराकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

तरुणांच्या बाजूने जेवढं बळकट बोलता येईल तेवढं आधी बोलतो, कारण त्यात तथ्य आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कामगाराच्या पगारी रजेची चौकट घालून दिली: वर्षात २४० दिवस काम भरलं की पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस. ही रजा कोणाच्या मर्जीवर सोडलेली नव्हती. जी गोष्ट कमावली आहे ती मागताना ‘बेग’ हा शब्द वापरणं म्हणजे स्वतःच्या कमाईला दान म्हणणं. मग मागायचंच कशाला, नुसतं कळवलं तर काय बिघडलं? बिघडतं ते असं, की त्याच कायद्याने रजेसाठी लेखी अर्ज सांगितला, रजा सुरू होण्याच्या किमान १५ दिवस आधी, आणि तो थेट कारखान्याच्या मॅनेजरकडे. दिवस तुमचे, पण ते कोणत्या तारखांना घ्यायचे हे दोघांनी मिळून ठरवायचं. मुळात अर्ज वरच्याच माणसाकडे जायचा होता. टीम लीडने दोन-तीन दिवस मंजूर करणं ही मागाहून आलेली सोय आहे. म्हणून ‘१ ते १४ जुलै रजेवर आहे, माहितीसाठी’ असा मेल वर गेला की साहेबांना तो उद्धट वाटतो की नाही हा दुय्यम प्रश्न. मुख्य अडचण ही की त्यात मंजुरी मागितलेलीच नाही. ज्याच्याकडून निर्णय हवा त्याला निर्णय मागितला नाही, तर तो कशावर सही करील?

त्याच कायद्यात एक अपवाद होता आणि तो मला फार शहाणपणाचा वाटतो. आजारपणासाठी शिल्लक रजा हवी असेल तर अर्ज मुदतीत आला नाही तरी ती द्यायची. आजारी माणसाकडून शिष्टाचाराची अपेक्षाच नाही. छातीत दुखतंय म्हणून के.एल.ई.त दाखल व्हायला निघालेल्या माणसाने प्लांट हेडलासुद्धा दोन ओळींचा संदेश पाठवावा, तोही घरच्या कोणी पाठवला तरी चालतो. मायना, विषय, सही हे सगळं सावकाश. वेळ असताना जे आवश्यक असतं ते वेळ नसताना अडथळा होतं.

आता वडीलधाऱ्यांची बाजू. तीही मी हलक्यात घेत नाही, कारण त्यामागे या सीमाभागाचा इतिहास आहे. १९५६ च्या पुनर्रचनेनंतर आमच्या आजोबांच्या पिढीला कचेरीतला प्रत्येक कागद आपल्या नसलेल्या भाषेत द्यावा लागला. तहसील कचेरीबाहेर बसणारा अर्ज लिहिणारा माणूस जी ठरलेली वाक्यं लिहील ती खरी. मजकूर समजला नाही तरी नम्रतेची वाक्यं जागेवर आहेत ना, याची खात्री करून माणूस आत जायचा. साहेब कानडी, कागद इंग्रजी किंवा कानडी, आपण मराठी. अशा वेळी जादा नम्रता ही ढाल होती. निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत ज्या घरांनी हे सोसलं, त्यांनी मुलांना ‘वरच्या माणसाला वाकून लिही’ असं शिकवलं असेल तर मला त्यांना नावं ठेवायची नाहीत. आणि हेही कबूल करतो, की काही साहेब असे भेटतात ज्यांना वाकलेलाच अर्ज आवडतो.

पण ही नम्रतेची वाक्यं आली कुठून? ‘आय हॅव द ऑनर टू बी, सर, युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’ हे इंग्रज अंमलातलं पत्राचं शेवटचं वाक्य. त्या काळचा इंग्रज अधिकारी हे वाक्य वरच्याला लिहायचा आणि खालच्यालाही लिहायचा. एखाद्याचा अर्ज साफ फेटाळतानासुद्धा खाली ‘आपला आज्ञाधारक सेवक’ अशीच सही. म्हणजे त्या वाक्यात नम्रता नव्हतीच, पत्र संपलं एवढीच ती खूण होती. आपण ती शब्दशः खरी मानली, तिच्यात स्वतःची भर घातली, आणि अर्जाच्या शेवटचं वाक्य अर्जाच्या तोंडाशी आणून बसवलं.

आपली स्वतःची परंपरा याहून कितीतरी नेमकी होती. जुन्या मराठी दप्तरांत मायन्याचं शास्त्रच होतं. हेमाडपंताच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मेस्तकात कोणाला कसं लिहावं याचे नियम आहेत. वडिलांना तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव आणि आशीर्वाद, बरोबरीच्याला राजमान्य राजश्री आणि नमस्कार, धन्याला ‘स्वामींचे सेवेसी’ आणि विज्ञापना. दर्जाचा सगळा हिशोब तिथे चुकता व्हायचा. मग ‘विशेष’ हा एक शब्द यायचा, आणि त्याच्यापुढे थेट काम: अमुक ठाण्यात दाणा संपला, अमुक तारखेस स्वार पाठवले. शेवटी ‘बहुत काय लिहिणे’ म्हणून पत्र बंद. पत्र पेशव्यांना असो की शेजारच्या सरदाराला, ‘विशेष’नंतरची भाषा कामाचीच असायची. धन्याला लिहिताना मधल्या मजकुरात पुन्हा पुन्हा लोटांगण घातलं तर खबर कुठे आहे हे शोधावं लागेल, हे त्या कारकुनांना कळत होतं. मग आज आपण कोणत्या परंपरेचा आदर करतो म्हणून दहा ओळी वाकतो?

भाषेचाही एक पेच इथे आहे. मराठीत विनंतीसाठी फार सुंदर क्रियारूप आहे: ‘रजा मंजूर व्हावी’, ‘रजा मिळावी’. ‘रजा द्या’ हा हुकूम झाला, ‘कृपा करून द्याल का’ ही याचना झाली. ‘मिळावी’ दोन्हींच्या मधोमध उभं राहतं, त्यात मागणाऱ्याचा मानही राहतो आणि देणाऱ्याचा अधिकारही. बोलताना आपण ‘साहेब, दोन दिवस रजा पाहिजे होती’ म्हणतो. तो ‘होती’ हेच काम करतो. कानडीत शाळेपासून शिकवलेलं वाक्य ‘रजे नीडबेकेंदु विनंती’. त्यातला ‘बेकु’ मराठी कानाला ‘पाहिजे’सारखा ऐकू येतो म्हणून आमच्या काही पोरांना तो दमदाटीचा वाटतो, पण कानडीत ते वाक्य आपल्या ‘मिळावी’इतकंच मऊ आहे. खुद्द ‘रजा’ हा शब्द अरबीतून आला, त्याचा मूळ अर्थ संमती, आणि राजीनाम्यातला ‘राजी’ त्याच घरातला. दोन्ही भाषांनी तो घेतला. इंग्रजीत मात्र असं तयार क्रियारूप हाताशी नाही, म्हणून मराठी माणूस ती पोकळी ‘हम्बली’ आणि ‘काइंडली’ने भरतो आणि ‘आपण’चा मान ‘युअर गुडसेल्फ’मध्ये शोधतो. ‘आय रिक्वेस्ट युअर अप्रूव्हल फॉर’ एवढं एकदा लिहिलं की ‘मिळावी’चं माप तंतोतंत साधतं. एकदाच लिहायचं. दुसऱ्यांदा लिहिलं की ते याचनेकडे झुकायला लागतं.

मायन्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. कंपनीत सगळे प्लांट हेडना पहिल्या नावाने हाक मारत असतील, त्यांनीच तसं सांगितलं असेल, तर मेलमध्येही पहिलं नाव चालतं. नसेल तर ‘डिअर’ आणि आडनाव, किंवा नुसतं ‘सर’, ‘मॅडम’. पहिल्या नावाने हाक मारायची मुभा मिळाली म्हणजे अर्धवट लिहायची मुभा मिळाली असं मात्र कोणी समजू नये.

त्या बारशाच्या दुपारी मी भाच्याला घेऊन बाजूला बसलो आणि अर्ज नव्याने करायचं ठरवलं. आधी त्याला विचारलं, टीम लीडशी बोललास का? तो म्हणाला, नाही, मंजुरी तर वरच आहे ना. ही चूक ‘आय बेग’पेक्षा मोठी होती. प्लांट हेडच्या मनात येणारा पहिला प्रश्न हाच असतो की याच्या लीडला हे चालणार आहे का. तो प्रश्न अनुत्तरित राहिला की मेल बाजूला पडतो, आणि लीडला बाहेरून कळलं तर तो दुखावतो ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी भाचा लीडला भेटला. चौदा दिवसांत क्वालिटीच्या दोन गोष्टी अडकत होत्या: नवीन जॉबच्या पहिल्या नगाची तपासणी आणि गेजेसचं कॅलिब्रेशन, ज्याची मुदत नेमकी ५ जुलैला संपत होती. तपासणी सहकारी करणार, कॅलिब्रेशन भाचा जायच्या आधी करून घेणार, असं ठरलं. हे ठरल्यावरच अर्जाला हात लावला.

विषयाच्या ओळीतच सगळं आलं: अर्जित रजेची मंजुरी, १ ते १४ जुलै, नाव, कर्मचारी क्रमांक. साहेब फोनवर मेल उघडायच्या आधीच काय हवंय हे त्यांना दिसतं. आतला मजकूर मराठीत सांगायचा तर असा:

‘सर, १ जुलै ते १४ जुलै या काळात मला अर्जित रजा मिळावी, ही विनंती. मधले दोन रविवार सोडून कामाचे १२ दिवस होतात. माझ्या खात्यावर १९ दिवस शिल्लक आहेत. ही रजा पंढरपूरच्या आषाढी वारीसाठी, म्हणजे दरवर्षीच्या पायी यात्रेसाठी हवी आहे. यात्रेच्या तारखा ठरलेल्या असल्याने पुढेमागे करता येत नाहीत. माझ्या लीडशी बोलणं झालं असून त्यांची हरकत नाही; ते या मेलवर आहेत. पहिल्या नगाची तपासणी माझे सहकारी पाहतील. ५ जुलैला मुदत संपणाऱ्या गेजेसचं कॅलिब्रेशन मी निघण्यापूर्वी पूर्ण करून घेईन. चालताना फोन दिवसभर लागेलच असं नाही, संध्याकाळी सातनंतर मी उपलब्ध असेन. २० जूनपर्यंत निर्णय कळला तर कामाचं हस्तांतर व्यवस्थित करता येईल.’

खाली नाव, विभाग, क्रमांक. मेल साहेबांना, प्रत लीडला आणि एचआरला. यात ‘विनंती’ एकदाच आहे. वारीची ओळ मुद्दाम पाहा. बेळगावच्या साहेबाला ‘वारी’ एवढा शब्द पुरला असता. माउलींच्या पालखीपुढचे मानाचे अश्व चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहूनच आळंदीला जातात, हे इथे बहुतेकांना ठाऊक असतं. चेन्नईच्या माणसाला मात्र दोन गोष्टी सांगायलाच हव्यात: ती चालत करायची असते, आणि तारखा हलत नाहीत. आजोबांची इच्छा आणि घराण्याची परंपरा लीडशी चहा पिताना बोलायची गोष्ट आहे. ती खोटी नाही, लाजिरवाणीही नाही, पण निर्णयाला तिची गरज नाही.

हा कारणाचा मुद्दा मला सर्वांत जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण इथे औपचारिकता माणसाचं रक्षण करते. काही वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसातली एक मुलगी हाताने लिहिलेला कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली. रजा पंधरा दिवसांची, म्हणून अर्ज वर जाणार होता. गर्भपात झाला होता, आणि तिने डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं, अगदी सगळं, दीड पानभर लिहिलं होतं. मोठ्या साहेबांना कारण नीट पटायला हवं, असं तिला घरी सांगितलेलं. कागद धरलेला तिचा हात थरथरत होता. आम्ही तो कागद बाजूला ठेवला आणि तीन ओळी लिहिल्या: वैद्यकीय कारणासाठी अमुक ते अमुक रजा मिळावी, डॉक्टरांचा दाखला एचआरकडे दिला आहे, काम अमुक व्यक्ती पाहील. रजा त्याच दिवशी मंजूर झाली. तो अर्ज साहेबांच्या सेक्रेटरीने वाचला असेल, फाइलला लावणाऱ्या कारकुनाने वाचला असेल. जेवढं वर जाल तेवढे डोळे वाढतात. लीडला विश्वासाने सांगितलेली गोष्ट लीडपाशी राहू शकते. वरच्या अर्जातली गोष्ट दप्तरात राहते. वरच्या खुर्चीला अधिक तपशील द्यावा लागतो तो कामाचा. खाजगी आयुष्याचा तपशील उलट कमीच द्यायचा असतो.

राहिला अहंकारी साहेबांचा प्रश्न. समजा ते खरोखरच तसे आहेत आणि त्यांना वाकलेलाच अर्ज हवा. तरी काय करता येईल? मायन्यात ‘रिस्पेक्टेड सर’ घाला, शेवटी ‘थँकिंग यू’ घाला, माझी हरकत नाही. जुन्या कारकुनांनीही धन्याचा मान तिथेच ठेवला होता. पण पहिल्या वाक्यात तारखा असू द्या. मान दिल्याने साहेब खूश होतील हे मान्य, पण तारखा सापडल्या नाहीत तर खूश झालेले साहेबही मंजुरी कशाला देणार?

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे मी कितीतरी पोरांची रजा बिनपगारी झालेली पाहिली आहे. वरून ‘नोटेड’ असं उत्तर येतं आणि माणूस बॅग भरतो. ‘नोटेड’ म्हणजे वाचलं. मंजूर केलं असा त्याचा अर्थ होत नाही. उत्तर न येणं हीसुद्धा मंजुरी नाही. रजेच्या प्रणालीत अर्जापुढे मंजुरीची नोंद दिसेपर्यंत रजा मंजूर नाही असंच समजायचं. तीन-चार कामाचे दिवस गेले की लीडला किंवा साहेबांच्या सेक्रेटरीला एकदा विचारायचं, त्याच मेलच्या साखळीत, नवा मेल न करता. इथे पुष्कळांना संकोच वाटतो. मोठ्या माणसाला आठवण कशी करायची? पण ज्या मेलमध्ये स्वतःहून ‘२० जूनपर्यंत निर्णय कळला तर’ असं लिहिलेलं असतं, तिथे आठवण करणं हा आगाऊपणा ठरत नाही. ती तारीख त्यासाठीच लिहायची असते.

भाच्याचा नवा मेल सोमवारी सकाळी गेला. दुपारच्या जेवणाआधी लीडने त्यावर एका ओळीत ‘माझी शिफारस आहे’ असं लिहिलं. संध्याकाळी साहेबांचं उत्तर आलं. त्यात मंजुरी होती आणि एकच प्रश्न होता: कॅलिब्रेशनचा दाखला २८ जूनच्या आत हातात येईल ना?